ध्रुपदाची ओळ परत येते तेव्हा

आपल्या जलशात ध्रुपद परत येते ते समूहाने उचलण्यासाठी. शाहीर कडवे म्हणतो, साथीदार ध्रुपद धरतात. तेथे ओळीचा अर्थ पालटला तर घोटाळाच व्हायचा. कारण ऐकणाऱ्याला ती ओळ ओळखीची वाटली पाहिजे, तरच तो तीत आपला आवाज मिळवील. व्हिलानेल या युरोपीय रचनाबंधातही दोन ओळी पुन्हा पुन्हा येतात, परंतु तेथील अपेक्षा नेमकी उलटी आहे. ओळ तीच राहावी आणि तिने प्रत्येक वेळी वेगळे बोलावे.

बांधणी अशी : एकूण १९ ओळी, तीन ओळींची पाच कडवी आणि शेवटी चार ओळींचे एक. पहिली ओळ ६, १२ व १८ या जागी परतते. तिसरी ९, १५ व १९ या जागी. म्हणजे कवितेच्या अगदी शेवटी दोन्ही ओळी प्रथमच एकमेकींना लागून उभ्या राहतात. सबंध कवितेला यमके दोनच. दोन ओळी चार चार वेळा म्हटल्यावर कवीच्या हाती नव्या अशा अकराच ओळी उरतात. जे काही घडवायचे ते त्यांतच.

डायलन टॉमस यांची मरणपंथाला लागलेल्या वडिलांना उद्देशून लिहिलेली, १९५१ साली प्रसिद्ध झालेली कविता पाहावी. पहिल्या कडव्यात दोन्ही ध्रुपदे आज्ञार्थी आहेत. पुढच्या चार कडव्यांत शहाणी, सज्जन, बेफाम व गंभीर अशी माणसे एकेक करून कर्ता म्हणून पुढे येतात, आणि तेच शब्द आज्ञा न राहता विधान होतात : ही माणसे असे वागतात. शेवटी वडिलांना हाक येते व शब्द पुन्हा आज्ञार्थी होतात. परंतु आता ती आज्ञा नसून विनवणी आहे. एक अक्षर न बदलता हे साधते, कारण इंग्रजीत क्रियापदाचे तेथले रूप दोन्हीकडे सारखेच आहे.

मराठीत ही युक्ती चालणार नाही. ‘जाऊ नका’ आणि ‘जात नाहीत’ ही आपली रूपेच निराळी. अनुवादात ही कविता लंगडते ती येथे. मग मराठीत सांधा कोठे शोधायचा? माझ्या मते दोन ठिकाणी. एक, ‘भरले’, ‘उघडले’ यांसारखी रूपे : कर्ता ‘ने’ लावून आधीच्या ओळीत ठेवला तर ती सकर्मक, न ठेवला तर अकर्मक. दुसरे, ‘कुणाचे’ हा शब्द. तो प्रश्नही विचारतो आणि ‘कोणा एकाचे’ असेही सांगतो.

उदाहरणापुरत्या दोन ओळी घेऊ :

उजाडण्याआधी पाणी भरले
पायरीवर कुणाचे नाव कोरले

आधीची ओळ ‘आईने पाटलाच्या वाड्यावर’ अशी असेल तर पहिली ओळ राबणुकीची होते. ‘नदीकाठच्या आमच्या झोपड्यांत’ अशी असेल तर तीच ओळ पुराची. आणि ‘आम्हीच खणलेल्या विहिरीत’ अशी असेल तर लागलेल्या झऱ्याची. (‘डोळ्यांत’ घालण्याचा मोह होईल. तो टाळावा; ते वळण वाचकाला दोन ओळी आधीच दिसते.) दुसरी ओळ प्रथम नुसती नोंद आहे : विहिरीच्या पायरीवर कोणा दात्याचे नाव आहे, लहान मुलाने पाहावे तसे पाहिलेले. ‘दगड फोडता आजा दरडीखाली गेला’ यामागून ती आली की तिला प्रश्नचिन्ह लागते आणि तिचा रोख गावावर जातो. शेवटच्या कडव्यात विहीर आपली आहे, झरा लागला आहे आणि लगेच खाली तोच प्रश्न येतो. आता तो गावाला नाही, आपल्याला आहे. खणणाऱ्यांची नावे आपण तरी कोरली, की उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचे? हा अर्थ कवीने कोठेही उच्चारलेला नाही. दोन ओळी शेजारी आल्या एवढेच.

यात बिघडते कोठे, तेही सांगतो. बहुतेक वेळा कडव्याच्या दुसऱ्या ओळीशी वाक्य पुरे होते आणि ध्रुपद मागे शेपटासारखे लोंबते. ते घोषणेसारखे ऐकू येते. पहिल्यांदा जोर, चौथ्यांदा नुसता आवाज. वाक्य ध्रुपदात शिरूनच पुरे झाले पाहिजे. परीक्षा सोपी आहे : आठही जागांचा अर्थ साध्या गद्यात एकेका वाक्यात लिहावा. दोन वाक्ये सारखी निघाली तर दोष ध्रुपदात नसतो, त्याच्या आधीच्या ओळीत असतो, आणि दुरुस्तीही तेथेच करावी.

मराठीत आणखी एक धोका यमकाचा. ‘भरले’, ‘ठरले’, ‘सरले’, ‘उरले’ अशी रूपे ओंजळीने मिळतात. इंग्रजीत एका यमकाचे सात निराळे शब्द जमवताना कवीला घाम फुटतो. आपल्याकडे ते इतके सहज येतात की क्रियापद यमकासाठीच आले असा वास येऊ लागतो. अधूनमधून नामाने ओळ संपवावी : ‘घरले’ असले ओढून आणलेले रूप करण्यापेक्षा यमक थोडे सैल पडलेले परवडले.