‘रुग्ण वाढले’ या वाक्याची चिकित्सा

‘अमुक रोगाचे रुग्ण दहा वर्षांत दुप्पट’ अशा मथळ्याची बातमी आपण सर्वांनी वाचलेली असते. तिच्या पहिल्या परिच्छेदात आकडा असतो, दुसऱ्यात बदलत्या जीवनशैलीला दोष दिलेला असतो आणि शेवटी काळजी घेण्याचा सल्ला. आकडा बहुधा खरा असतो. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, ‘वाढले’ या क्रियापदाबद्दल आहे. ते ऐकताच वाचकाच्या मनात एकच चित्र उभे राहते: जे काल निरोगी होते ते आज आजारी पडत आहेत, आणि असे लोक पूर्वीपेक्षा जास्त आहेत. प्रत्यक्षात तेच वाक्य अगदी उलट्या घटनेचे वर्णन करत असू शकते. जे काल मेले असते ते आज जिवंत आहेत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

या घोटाळ्याचे मूळ मला आपल्या ‘रुग्णसंख्या’ या शब्दात दिसते. त्यात दोन वेगळ्या मोजण्या एकत्र कोंबल्या आहेत. एका ठरावीक काळात, समजा एका वर्षात, किती जणांना तो रोग नव्याने झाला ही एक मोजणी. साथरोगशास्त्रात तिला इन्सिडन्स म्हणतात. एखाद्या दिवशी तो रोग असलेले किती लोक हयात आहेत ही दुसरी मोजणी; तिला म्हणतात प्रिव्हलन्स. या लेखापुरते मी पहिलीला ‘नवे रुग्ण’ आणि दुसरीला ‘विद्यमान रुग्ण’ म्हणतो. पहिली मोजणी काळाच्या लांबीवर होते, दुसरी एका क्षणावर. कोविडच्या काळात ‘आजचे नवे’ आणि ‘सक्रिय’ असे दोन रकाने आपण रोज शेजारी शेजारी वाचत होतो. म्हणजे भेद आपल्याला कळत नाही असे नाही. साथ ओसरली आणि भाषा पुन्हा ढिली झाली.

दोन मोजण्यांमधले नाते समजून घ्यायला एखाद्या तीर्थक्षेत्रातली धर्मशाळा डोळ्यांसमोर आणावी. रोज दहा नवे यात्रेकरू येतात आणि प्रत्येक जण चार रात्री राहतो, तर कोणत्याही रात्री तिथे चाळीस माणसे असणार. उद्या मुक्काम पंचवीस रात्रींचा झाला, तर गर्दी अडीचशेवर जाईल. दारातून येणारे रोज दहाच. विद्यमान रुग्ण म्हणजे नवे रुग्ण गुणिले आजाराचा सरासरी मुक्काम, हा साधा गुणाकार. आत येणे आणि बाहेर जाणे यांचा तोल साधलेला असेल तेव्हाच तो तंतोतंत लागू पडतो. ही अट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे परत येऊ. मुक्काम संपण्याचे मार्ग दोन: बरे होणे किंवा मरणे. म्हणून ज्या उपचाराने रोग पूर्ण बरा होतो तो गर्दी कमी करतो. जो उपचार रोग न घालवता फक्त मरण लांबवतो तो गर्दी वाढवतो.

याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग. तो संसर्गजन्य नाही. त्यामुळे उपचाराने फैलाव कमी-जास्त झाला का, हा गुंता इथे उद्भवत नाही. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जोडले जातात, त्यातून एक विकृत प्रथिन तयार होते, आणि ते अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी बनवत राहण्याचा हुकूम देत राहते. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी त्या आखूड झालेल्या गुणसूत्राची नोंद केली. ती अदलाबदल आहे हे जॅनेट राउली यांनी १९७३मध्ये दाखवले. या विकृत प्रथिनालाच अडवणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याआधी बहुतेक रुग्णांची काही वर्षे बरी जात, मग रोग एकदम उसळे आणि थोड्याच महिन्यांत सारे संपे. इमॅटिनिबने रोग मुळापासून जातो असे नाही. बहुतेकांना गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. पण रोग दबून राहतो आणि माणूस जगतो.

स्वीडनमध्ये कर्करोगाची राष्ट्रीय नोंदवही १९५८पासून आहे आणि प्रत्येक नागरिकाला व्यक्तिगत क्रमांक असल्यामुळे कोण केव्हा आजारी पडला आणि केव्हा वारला हे जुळवता येते. या नोंदींवर आधारित अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे या रोगाचे विद्यमान रुग्ण १९८५ साली दर लाख लोकसंख्येमागे ३.९ होते, २०१२ साली ते ११.९ झाले. सत्तावीस वर्षांत तिप्पट. मथळा देणाऱ्याला एवढे पुरेसे आहे. मात्र नव्या रुग्णांचे प्रमाण या काळात जवळपास स्थिर, वर्षाला लाखामागे ०.९च्या आसपास राहिले. बदलले ते जगणे. त्याच वयाच्या सामान्य लोकांशी तुलना करून काढलेले पाच वर्षांचे जीवितप्रमाण १९७०च्या सुमारास शंभरात अठरा होते. ते ब्याऐंशीपर्यंत पोचले.

आता धर्मशाळेचा गुणाकार लावून पाहू. ३.९ला ०.९ने भागले की १९८५चा सरासरी मुक्काम सव्वाचार वर्षांच्या आसपास येतो. २०१२च्या आकड्याला तसेच भागले तर तेरा वर्षे येतात. पण हे उत्तर फसवे आहे, कारण तोवर तोल साधलेला नव्हता. नव्या औषधाने वाचलेली पिढी अजून जमतच होती. त्याच अभ्यासाचा अंदाज आहे की जीवितप्रमाण आणखी सुधारले नाही तरी २०६० साली विद्यमान रुग्ण लाखामागे २२ होतील. म्हणजे मुक्काम चोवीस वर्षांच्या घरात.

ही जमण्याची चाल एका कल्पित, पण स्वीडनच्या वळणाच्या हिशेबाने दाखवतो. एखाद्या प्रदेशात दर वर्षी १०० नवे रुग्ण होतात आणि दर वर्षी विद्यमानांपैकी चौथा हिस्सा मरतो. तोल साधल्यावर विद्यमान रुग्ण ४०० असतात: १०० येतात, १०० जातात. एका जानेवारीत औषध येते आणि वार्षिक मृत्यूचे प्रमाण शेकडा २५वरून शेकडा ४वर उतरते. पहिल्या वर्षी ४००पैकी १६ मरतात, १०० नवे येतात, वर्षअखेर संख्या ४८४. दुसऱ्या वर्षी ती ५६५ होते. दहा वर्षांनी ११०४, वीस वर्षांनी १५७२, आणि शेवटी २५००जवळ जाऊन स्थिरावते. या साऱ्या काळात एकही जास्तीचा माणूस आजारी पडलेला नाही.

या हिशेबात एक दुसरा सापळाही आहे. पहिल्या वर्षी मृत्यू १००वरून १६वर आले. दहाव्या वर्षानंतर ते ४४ होतात, विसाव्यानंतर ६३, आणि अखेरीस पुन्हा १००. औषध निकामी होत चालले असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात दरसाल शेकडा ४ हे प्रमाण जराही हललेले नाही. ज्यांच्यातून मृत्यू मोजायचे तो समूह मोठा झाला आहे. शिवाय हे बरेचसे मृत्यू म्हातारपणाचे आणि इतर आजारांचे असणार. माणूस शेवटी मरतोच. प्रश्न कधी आणि कशाने हा असतो. तेव्हा विद्यमान रुग्ण वाढले, मृत्यूही वाढू लागले, ही दोन्ही वाक्ये यशस्वी उपचाराच्या पोटात बसू शकतात.

उलटा खेळ आपण आपल्याच देशात पाहिला आहे. १९९१ साली जागतिक आरोग्य सभेने कुष्ठरोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठरवले, तेव्हा त्याची व्याख्या ‘दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी नोंदलेले रुग्ण’ अशी केली. मोजायचे ते विद्यमान रुग्ण, आणि उपचार पूर्ण झाला की रुग्णाचे नाव नोंदवहीतून निघणार. जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा बहुविध औषधोपचार आधी दोन वर्षांचा होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो एका वर्षावर आणला गेला. वैद्यकीय कारणे असतील. पण या गटापुरता नोंदवहीतला मुक्काम निम्मा झाला, म्हणजे नवा रुग्ण एकही न घटता आकडाही निम्म्यावर येणार. भारताने २००५च्या अखेरीस ते उद्दिष्ट गाठले. त्यानंतरही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत राहिले, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक. ‘निर्मूलन’ या शब्दाने वाचकाला जे सांगितले ते नोंदवहीने सांगितले नव्हते.

मग वाढ खरी आहे की जगण्याची, हे ओळखायचे कसे? पहिला प्रश्न विचारावा: आकडा एका वर्षाचा आहे की एका दिवसाचा? दुसरा: त्याच काळात नव्या रुग्णांचे, वयाचा हिशेब धरून, काय झाले? समाज वृद्ध होत असेल तर म्हातारपणीचे रोग आपोआप वाढतात, म्हणून वयाचा हिशेब हवाच. तिसरा: निदानाची रीत बदलली का? नव्या रुग्णांचा आकडाही निष्पाप नसतो. नोंद होते ती रोग सुरू झाल्याची नव्हे, सापडल्याची. या ल्युकेमियाचे कितीतरी रुग्ण दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत सापडतात. तपासण्या वाढल्या की नवे रुग्ण वाढल्यासारखे दिसतात, आणि लवकर सापडल्यामुळे मुक्कामही लांबल्यासारखा दिसतो. चौथा प्रश्न मृत्यूंचा, पण लोकसंख्येमागे नव्हे, विद्यमान रुग्णांमागे. नवे रुग्ण स्थिर, रुग्णांमागचे मृत्यू घटलेले आणि विद्यमान रुग्ण चढते, अशी त्रयी जुळली की ती वाढ बहुतांशी जगण्याची समजावी.

याचा अर्थ विद्यमान रुग्णांची वाढ दुर्लक्ष करण्याजोगी आहे असे मात्र नाही. रोग का होतो हे शोधायचे तर नव्या रुग्णांकडे पाहावे लागते. औषध किती लागेल हे ठरवायचे तर विद्यमान रुग्णांकडे. वरच्या हिशेबातल्या प्रदेशाने ‘वर्षाला १०० रुग्ण’ धरून गोळ्यांची तरतूद केली, तर विसाव्या वर्षी दीड हजारांहून अधिक माणसे त्या गोळीवर जगत असतील. भारतात याच इमॅटिनिबच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. गोळीची किंमत इतकी कळीची का ठरली हे विद्यमान रुग्णांच्या गणितातून कळते: ती काही महिन्यांची नव्हे, उरलेल्या आयुष्याची खरेदी असते, आणि खरेदीदारांची रांग दर वर्षी लांबत जाते. वाढ कारणांची समजून जीवनशैलीवर प्रवचने झोडणारा आणि वाढ दिसली म्हणून औषध कुचकामी ठरवणारा, दोघेही त्या रांगेतल्या माणसाच्या उपयोगाचे नाहीत.

म्हणून संपादकांना माझी मागणी छोटी आहे. ‘रुग्ण वाढले’ असे छापण्याआधी त्या वाक्यात एक शब्द घालावा: ‘नवे’ किंवा ‘हयात’. कोणता घालायचा हे ठरवता येत नसेल, तर बातमी अजून तयार झालेली नाही.