एका ‘कझिन’मागे दोन बहिणी

आपल्याकडे इंग्लंडात वाढलेल्या मुलांना मामेभाऊ आणि चुलतभाऊ यांतला फरक सांगावा लागतो, कारण शाळेत दोघेही ‘कझिन’ असतात. पण हीच अडचण घेऊन एका मोठ्या कादंबरीचं भाषांतर करायचं झालं तर काय होतं, ते पाहायचं असेल तर डेव्हिड हॉक्स यांनी इंग्रजीत आणलेली ‘द स्टोरी ऑफ द स्टोन’ वाचावी.

हॉक्स ऑक्सफर्डला चिनी भाषेचे प्राध्यापक होते. १९७१ मध्ये त्यांनी ती खुर्ची सोडली, हे भाषांतर पुरं करता यावं म्हणून. त्साओ श्वेछिन याच्या अठराव्या शतकातल्या कादंबरीचा पहिला खंड पेंग्विनने १९७३ मध्ये काढला. पहिले तीन खंड हॉक्स यांचे, शेवटचे दोन जॉन मिनफर्ड यांचे. मिनफर्ड हे हॉक्स यांचे जावई, आणि नात्यागोत्यांनी भरलेल्या या पुस्तकाला ते शोभून दिसतं. खंडांना वंशावळी जोडलेल्या आहेत. कुणाचा मुलगा कोण हे त्यांत चोख कळतं. वंशावळ जे सांगत नाही तेच मोलाचं आहे: कोण कुणाला काय म्हणतं, आणि त्या हाकेने त्या माणसाला काय हक्क मिळतो.

जिया घराण्याचा लाडका मुलगा बाओयू. त्याच्या आयुष्यात दोन मुली येतात. दाइयू ही त्याच्या वडिलांच्या बहिणीची मुलगी, म्हणजे आतेबहीण. बाओछाई ही आईच्या बहिणीची, म्हणजे मावसबहीण. बाओछाई वयाने मोठी, म्हणून तिला तो ताई म्हणतो, आणि दाइयूला धाकटी बहीण. इंग्रजीत दोघी ‘कझिन’. विसाव्या प्रकरणात दाइयू रुसते तेव्हा बाओयू तिची समजूत घालतो ती प्रेमाच्या शब्दांनी नाही, नात्याच्या हिशोबाने: तू वडिलांकडून आहेस, ती आईकडून, म्हणून तू जवळची, शिवाय तू या घरात आधी आलीस. मराठी वाचकाला हा युक्तिवाद क्षणात कळतो. इंग्रजी वाचकाला मात्र ‘वडिलांकडची कझिन’ आणि ‘आईकडची कझिन’ असं उलगडून सांगावं लागतं, आणि रुसवा काढणारा मुलगा जरा वकिलासारखा वाटू लागतो. हा दोष हॉक्स यांचा नव्हे, त्यांच्या हातातल्या शब्दाचा आहे.

आता गंमत पाहा. चिनी भाषेत चुलत भावंडांना ‘थांग’ लागतं, म्हणजे घराचं मुख्य दालन. बाकीच्या तिन्ही प्रकारच्या भावंडांना, आते, मामे आणि मावस, ‘ब्याओ’ लागतं, म्हणजे बाहेरचं. मुख्य रेघ आडनावाची आहे. दाइयू रक्ताने जियांची नात असली तरी आडनावाने लिन, म्हणून बाहेरची. तिच्या आजीला, म्हणजे आईच्या आईला, जे नातं लागतं त्याच्या नावातही ‘वाइ’, म्हणजे ‘बाहेरची’, हा शब्द आहे. त्या आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडणारी ही मुलगी त्या घरात पाहुणीच का राहते, याचं अर्धं उत्तर या एका अक्षरात आहे.

इथे वाटेल की मराठीकडे सगळे शब्द तयार आहेत, मग मराठी भाषांतर इंग्रजीपेक्षा सरसच होणार. मला तसं वाटत नाही. आपले शब्द नेमके आहेत, पण ते रिकामे नाहीत. ‘मावसबहीण’ म्हटलं की मराठी कानाला सख्ख्या बहिणीजवळची बहीण ऐकू येते. तिच्याशी लग्न ही कल्पनाही आपल्याला सहन होत नाही. आणि ही कादंबरी जाते ती नेमकी तिथेच: वडीलधारे बाओयूचं लग्न बाओछाईशी लावून देतात. चिनी वाचकाला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण त्यांच्या रूढीत लग्नाला अडचण ‘थांग’ची, ‘ब्याओ’ची नव्हे. दाइयूचंही तसंच. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या पुस्तकात दाखवलं आहे की महाराष्ट्रात अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करावी ही पसंती होती. आत्याची मुलगी करणं तितकं रुचत नसे. म्हणजे मराठीत शब्दशः अचूक भाषांतर केलं तर एक नायिका नापसंत आणि दुसरी निषिद्ध ठरते, आणि चिनी वाचकाला जो खरा प्रश्न पडतो, की दोघींतली कोण, तो मराठी वाचकाला पडतच नाही. इंग्रजीचा बोथट ‘कझिन’ इथे उलट कामाला येतो: तो कुणालाच अडवत नाही. मराठी भाषांतरकाराने म्हणून ‘मावसबहीण’ वंशावळीत ठेवावी, पण संवादात ‘मावशीची मुलगी’ म्हणावं. अर्थ तोच राहतो आणि बहीणपण जरा दूर सरतं.

दुसरी जागा याहून अवघड आहे. बाओयूच्या मावशीला हॉक्स ‘आंट श्वे’ म्हणतात, आणि बाओयूच्या वडिलांच्या रखेलीला, झाओला, ‘आंट झाओ’. चिनीतही दोन्ही संबोधनांत मावशीचा ‘यी’ आहे, म्हणून हॉक्स चुकले असं म्हणता येत नाही. पण एक प्रतिष्ठित पाहुणी आहे आणि दुसरी घरातली जवळजवळ चाकर. झाओची मुलगी थानछुन. पंचावन्नाव्या प्रकरणात झाओचा भाऊ मरतो. त्या वेळी घरखर्च थानछुनच्या हाती असतो. ती जुन्या वह्या काढून बघते आणि नियमाप्रमाणे वीस ल्यांग चांदी मंजूर करते, चाळीस नाही. आई भांडायला येते की तुझ्या मामासाठी एवढंही करत नाहीस? थानछुन विचारते, कोण माझा मामा? माझा मामा तो, ज्याला नुकती मोठी बढती मिळाली. म्हणजे वडिलांच्या लग्नाच्या बायकोचा भाऊ. जन्मदात्रीचा भाऊ तिच्या लेखी नोकर.

कायद्याच्या नजरेने ती बरोबर आहे, आणि म्हणूनच तो प्रसंग वाचवत नाही. ‘अंकल’ या शब्दाने यातलं काहीच पोचत नाही, कारण अंकल कुणीही असू शकतो, हे आपल्या मुलांना पक्कं ठाऊक आहे. मराठी ‘मामा’ मात्र बसतो, अगदी टोचेल असा. वंशावळीत तिच्या नावापासून दोन रेघा काढाव्या लागतील: झाओकडे जन्माची, वांगबाईंकडे आईपणाची. एकच काढली, कोणतीही, तर हे प्रकरण कळणार नाही.

थानछुनला घरात ‘तिसरी मुलगी’ म्हणतात. यावरून वंशावळ करणारा तिला वडिलांची तिसरी मुलगी लिहून मोकळा होईल, आणि चुकेल. क्रमांक एका बापाच्या मुलींचा नाही, त्या पिढीतल्या सगळ्या मुलींचा मिळून लावला आहे. पहिली युआनछुन तिची सख्ख्या बापाची बहीण, दुसरी यिंगछुन थोरल्या काकांची, चौथी शीछुन तर दुसऱ्याच वाड्यातली. थानछुन आपल्या वडिलांची दुसरी मुलगी. म्हणून चिनी वंशावळ हातात आली की आधी आकडा कुणाच्या मोजणीतला आहे ते विचारावं, आणि ‘थोरले’ किंवा ‘धाकटे’ हे शब्द आईबाप ठरल्यावरच लिहावेत.