उजालाचे १३० युनिट आणि मुलचेऱ्यातल्या ट्यूबलाइट

केंद्र सरकारच्या उजाला योजनेला ५ जानेवारी २०२२ रोजी सात वर्षं झाली, तेव्हाच्या सरकारी पत्रकात दोन आकडे शेजारी शेजारी होते. वाटलेले एलईडी बल्ब ३६.७८ कोटी आणि वर्षाला वाचणारी वीज ४,७७७.८ कोटी युनिट. या योजनेने एलईडी बल्बची किंमत खाली आणली, यात वाद नाही. माझा आक्षेप दुसऱ्या आकड्यावर आहे. तो चूक आहे असं मी म्हणत नाही. तो तपासता येईल अशा रीतीने दिलेला नाही, एवढंच म्हणणं आहे. प्रकाशयोजनेतल्या बचतीवर संशोधन करणार असाल तर हा फरक आधी समजून घ्या.

एक उलटं गणित करू. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की एका बल्बमागे वर्षाला साधारण १३० युनिट बचत निघते. ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला तर फरक ५१ वॉटचा. १३० युनिट वाचायला तो बल्ब वर्षाला सुमारे २,५५० तास, म्हणजे रोज सात तास जळायला हवा. तेही ३६५ दिवस. बैठकीच्या खोलीत हे शक्य आहे, पण न्हाणीघरात, माळ्यावर, गोठ्यात? आणि काढलेला दिवा पिवळा बल्ब नसून १४ वॉटचा सीएफएल असेल तर फरक फक्त ५ वॉटचा उरतो. मग १३० युनिटांसाठी २६,००० तास लागतील, आणि वर्षात तास असतात ८,७६०.

म्हणजे त्या एका आकड्यात दोन गृहीतकं आहेत: आधी काय लावलेलं होतं (बेसलाइन) आणि दिवा किती तास जळतो. पत्रकात दोन्ही दिसत नाहीत. बल्ब मोजणं सोपं म्हणून ते मोजले गेले. तास मोजणं अवघड, पण बचत तासांवरच ठरते.

आता हाच प्रश्न लहान करून गडचिरोलीच्या मुलचेरा तालुक्यात नेऊ. तिथे एक निवासी आश्रमशाळा आहे असं धरा (पुढचे शाळेचे आकडे उदाहरणापुरते आहेत). वर्गखोल्या आणि कार्यालयात १२० ट्यूब, ३० स्विचांवर. वसतिगृहात ८० ट्यूब, ४० स्विचांवर. जुन्या ट्यूब ४० वॉटच्या, साध्या चोकच्या. जागी येणार २० वॉटच्या एलईडी पट्ट्या. आयपीएमव्हीपी या आंतरराष्ट्रीय नियमावलीतल्या 'ऑप्शन ए'नुसार बदललेली यंत्रणा वेगळी काढून तिचा मुख्य घटक प्रत्यक्ष मोजायचा आणि बाकीचे घटक कारण देऊन गृहीत धरायचे. प्रश्न एवढाच की मुख्य घटक कोणता?

आधी बेसलाइन. ट्यूबवर ४० वॉट छापलेलं असलं तरी चोक स्वतः बारा-पंधरा वॉट खातो, म्हणून मीटर लावला की ५२ च्या आसपास आकडा येतो. तो दाबावरही हलतो. दाब पडला की चोकची ट्यूब कमी वीज घेते, फारच पडला तर पेटतच नाही. एलईडीचा चांगला ड्रायव्हर मात्र दाब बदलला तरी जवळपास तेवढीच वीज घेतो. म्हणून वॉट मोजताना शेजारी व्होल्टेज लिहा, आणि मोजणी संध्याकाळी करा, कारण दिवे तेव्हाच जळतात. बंद पडलेल्या ट्यूबही मोजा. दहा ट्यूब आधीपासून बंद असतील तर तिथे नवे दिवे लागल्यावर वीज वाढेल. ती बचतीत कशी धरणार, हे आराखड्यात काम सुरू होण्याआधी लिहिलेलं हवं. जुन्या ट्यूब भंगारात गेल्या की बेसलाइन परत मिळत नाही.

मग तास. स्विचबोर्डाकडे बघून किंवा अधीक्षकांना विचारून मिळतो तो अंदाज. पावसाळ्यात झाड पडून लाइन गेली की स्विच चालू असतो, दिवा नसतो. म्हणून प्रकाश ओळखणारा छोटा लॉगर ट्यूबला लागून, तिच्याकडे तोंड करून बसवतात. खिडकीकडे तोंड झालं तर तो दुपारचं ऊनही 'दिवा चालू' म्हणून नोंदवतो. हे ओळखायला सोपं आहे: रोज सूर्योदयानंतर चालू आणि सूर्यास्ताला बंद अशी सुबक नोंद दिसली की तो लॉगर बाद.

किती लॉगर? विचलन गुणांक ०.५ धरून, ९० टक्के विश्वासार्हता आणि १० टक्के अचूकता हवी असेल तर:

```
n0 = (1.645 × 0.5 / 0.10)^2 ≈ 68
n  = n0 × N / (n0 + N)
```

इथे N म्हणजे ट्यूबांची नव्हे, स्विचांची संख्या. एका स्विचवरच्या चार ट्यूब एकत्रच जळतात. त्यांना चार नमुने म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक. वसतिगृहासाठी २६ आणि वर्गांसाठी २१, असे ४७ लॉगर येतात. हातात १८ च असले, तर दोन्हीकडे नऊ-नऊ लावले असं समजू.

वर्गात सरासरी ७०० तास निघाले आणि वसतिगृहात २,०००. ५२ उणे २० म्हणजे ३२ वॉटच्या फरकाने वर्गांत २,६८८ आणि वसतिगृहात ५,१२०, एकूण ७,८०८ युनिट. नऊच नमुने असल्याने १.६४५ ऐवजी टी-तक्त्यातला १.८६ घ्यायचा. वर्गांतला विचलन गुणांक ०.५ आणि वसतिगृहातला ०.४ निघाला तर तासांची अनिश्चितता अनुक्रमे ±२६ आणि ±२२ टक्के येते. युनिटांत सुमारे ७०० आणि १,१२०. या दोन चुका स्वतंत्र असल्याने सरळ बेरीज करायची नाही, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं: सुमारे १,३२०, म्हणजे १७ टक्के. जुन्या ट्यूबच्या वॉटमध्ये ±२ ची शंका असेल तर ३२ वर ती ६ टक्क्यांची. तीही त्याच रीतीने मिसळली की एकूण १८ टक्के.

खरी शिकवण इथे आहे. महागडा मीटर आणून वॉटची चूक निम्मी केलीत तर १८ चे १७ होतील. तेच पैसे लॉगरवर घालून ४७ लावलेत तर १८ चे ९ होतील. मुख्य घटक तास आहे, हे आता मत राहिलं नाही, गणित झालं. तरी बहुतेक अहवालांत वॉटची तीन पानं आणि तासांची एक ओळ असते.

एक गोष्ट मात्र हे सूत्र पकडत नाही. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, दिवाळीत आणि उन्हाळ्यात वसतिगृह रिकामं होतं. जुलैचे दोन आठवडे मोजून २६ ने गुणलंत तर ४७ लॉगरही वाचवणार नाहीत, कारण ही चूक नमुन्याच्या आकाराची नाही, कॅलेंडरची आहे. शाळा चालू असतानाचा पावसाळा, हिवाळा आणि सुट्टी, तिन्ही काळांत वेगळी मोजणी करा आणि प्रत्येकीला तिच्या दिवसांनी गुणा.

तर या शाळेचं उत्तर: वर्षाला ७,८०० युनिट, अधिक-उणे १,४००, ९० टक्के विश्वासार्हतेने. उजालाच्या कोटींपुढे हा आकडा चिल्लर आहे. पण त्यातला प्रत्येक तुकडा दुसरा माणूस मुलचेऱ्याला जाऊन तपासू शकतो. उद्या तुमच्यासमोर बचतीचा कुठलाही अहवाल आला की आधी एकूण बचतीला दिव्यांच्या संख्येने आणि वॉटच्या फरकाने भागा. जे तास निघतील ते त्या खोलीत खरंच जळतात का, हे विचारा. अहवालात तास छापलेले नसतील तर हा प्रश्न तुमच्याआधी कुणी विचारलाच नसेल, असं समजायला हरकत नाही.