तिरप्या अक्षरांविना

इंग्रजीत आत्मपर लिहिणाऱ्या मराठी गृहस्थापुढे ‘सोवळे’ हा शब्द आला, की तो बहुधा तीन उपचार करतो. शब्द तिरप्या अक्षरांत छापतो, स्वल्पविरामानंतर त्याचा अर्थ देतो आणि तरीही समाधान न झाल्यास तळटीप जोडतो. हे सारे वाचकाच्या सोयीसाठी होते असे मानतात; परंतु त्यामुळे निवेदकच बदलतो. आजीच्या घरात वाढलेला नातू नाहीसा होतो आणि त्याच्या जागी पाहुण्यांना घर दाखविणारा वाटाड्या उभा राहतो.

बरे, अर्थ तरी हाती लागतो काय? ‘पवित्र वस्त्र’ म्हटल्याने सोवळे कळत नाही. त्याऐवजी लेखकाने कृती लिहावी. आजी उंच दांडीवरचे सोवळे काठीने खाली घेते. शाळेतून आलेल्या नातवास दूर उभे करते. त्याचा हात लागताच पुन्हा स्नानास जाते. एवढ्याने परक्या वाचकाला त्या शब्दाचा सारा नियम उमगतो. मग दहा पानांनंतर, आजारी आजीने सोवळे सोडले, इतकेच लिहिले तरी तिच्या थकण्याची खोली त्याला जाणवते. तळटिपेला हे साधत नाही.

मात्र शब्दाचा पहिला प्रवेश जपून व्हावा. चार अनोळखी शब्दांच्या रांगेत तो आला, तर वाचक ती रांग ओलांडून पुढे जातो. शब्द बोटाने झाकून वाक्य वाचावे; तेथे वस्त्र आहे, पदार्थ आहे की नाते, हेही उमजत नसेल, तर वाक्य अपुरे आहे. उलट, साध्या इंग्रजी शब्दाने काहीच उणे होत नसेल, तर मराठी शब्द केवळ शोभेचा समजावा.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत १९३४ च्या सुमाराचा दौलताबादचा प्रसंग आहे. किल्ल्याजवळच्या हौदावर त्यांच्या मंडळींपैकी काहींनी तोंड आणि पाय धुतले, तेव्हा एक वृद्ध ‘ढेड’ या शब्दानेच ओरडत आला. तेथे बाबासाहेबांनी कंसात अर्थ दिला आहे. ते परदेशी वाचकासाठी लिहीत होते. तो शब्द त्याच क्षणी कळला नाही, तर ओरडण्याचे कारणच कळणार नाही. तरीही त्यांनी वृद्धाच्या तोंडचा शब्द बदलला नाही. शिवी शिवीच्या जागी राहिली, अर्थ तिच्या बाहेर राहिला.

सोवळ्याचा अर्थ दोन वाक्ये थांबू शकतो. ढेड या शब्दाचा थांबू शकत नाही. अज्ञानाने घटनाच निसटत असेल, तेथे अर्थ सरळ सांगावा. एरवी कृतीवर भिस्त ठेवावी.