अज्ञानाचा पडदा आणि न्यायतत्त्वांची निवड : जॉन रॉल्स यांच्या युक्तिवादाची एक चिकित्सा

जॉन रॉल्स यांचा 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'अज्ञानाचा पडदा' ही संकल्पना राज्यशास्त्राच्या व तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात रूढ झाली. वर्गात ती बहुधा पुढीलप्रमाणे मांडली जाते. समाजाचे मूलभूत नियम ठरविणाऱ्या व्यक्तींना स्वतःचे स्थान ठाऊक नाही अशी कल्पना करावी. आपण श्रीमंत असू की गरीब, हे ज्याला ठाऊक नाही तो कोणाचाच पक्षपात करणार नाही. म्हणून तो रॉल्सप्रणीत दोन तत्त्वे स्वीकारील. या मांडणीतील पहिली दोन विधाने निर्विवाद आहेत. अडचण आहे ती 'म्हणून' या शब्दात. पडद्याआडचा माणूस निःपक्षपाती असेल हे मान्य केले, तरी तो नेमकी कोणती तत्त्वे निवडील हे त्यातून आपोआप निष्पन्न होत नाही. प्रस्तुत लेखात या 'म्हणून'चीच तपासणी करावयाची आहे.

पडद्यामागे काय झाकले जाते, हे प्रथम पाहिले पाहिजे. रॉल्स ज्या कल्पित अवस्थेस 'मूळ स्थिती' म्हणतात, तीत व्यक्तीला आपला वर्ग, सामाजिक दर्जा, बुद्धी व शारीरिक क्षमता यांचे ज्ञान नसते. आपली जीवनविषयक मूल्ये कोणती, आपला स्वभाव जोखीम पत्करणारा आहे की सावध, आपण कोणत्या पिढीत जन्मलो आहोत, हेही तिला ठाऊक नसते. मात्र समाज, अर्थव्यवहार व मानवी मन यांविषयीची सर्वसामान्य तथ्ये तिला अवगत असतात. स्वातंत्र्य, संधी, उत्पन्न, संपत्ती व आत्मसन्मानाचे आधार या प्राथमिक हितवस्तू कमी मिळण्यापेक्षा अधिक मिळाव्यात, असे प्रत्येकास वाटते. (आपल्या परंपरेत अज्ञान हे सत्यावरील आवरण असून ते दूर सारणे हे साध्य मानले जाते, येथे मात्र आवरण घातल्याशिवाय न्याय दिसत नाही. मराठी वाचकास हा शब्दप्रयोग प्रथम खटकतो तो यामुळेच.) अशा व्यक्ती दोन तत्त्वांवर एकमत करतील, असे रॉल्स म्हणतात. पहिले, सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्ये. दुसरे, सामाजिक व आर्थिक विषमता दोन अटींवरच ग्राह्य ठरते : पदे सर्वांना वाजवी समान संधीने खुली असावीत आणि ती विषमता सर्वांत वंचित गटाच्या अधिकतम हिताची असावी. या शेवटच्या अटीस 'भेदतत्त्व' म्हटले जाते, आणि वाद मुख्यतः तिच्याभोवती आहे.

त्याच पडद्यामागून निघणारा दुसरा निष्कर्ष

रॉल्स यांच्या ग्रंथापूर्वी सुमारे अठरा वर्षे, १९५३ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ जॉन हर्सान्यी यांनी जवळजवळ हीच युक्ती वापरली होती. आपण समाजातील कोणतीही व्यक्ती असू शकू आणि प्रत्येक व्यक्ती असण्याची शक्यता समान आहे, असे मानून समाजव्यवस्थेची निवड करावी, असे त्यांनी सुचविले. समान शक्यता गृहीत धरली की विवेकी माणूस सरासरी पाहतो. त्यामुळे हर्सान्यी यांचा निष्कर्ष सरासरी उपयुक्ततावादाचा आहे, म्हणजे ज्या व्यवस्थेत दरडोई सरासरी समाधान अधिकतम ती व्यवस्था न्याय्य. ज्या उपयुक्ततावादाचे खंडन करण्यासाठी रॉल्स यांनी पडदा उभारला, तोच उपयुक्ततावाद हर्सान्यी यांच्या पडद्यामागून बाहेर आला. दोन्ही विचारवंत निःपक्षपाती आहेत. दोघांनीही स्वार्थाचे ज्ञान झाकले आहे. फरक इतकाच की हर्सान्यी यांनी शक्यतांचे गणित शिल्लक ठेवले आणि रॉल्स यांनी तेही झाकून टाकले. पडदा किती जाड, यावर निष्कर्ष अवलंबून आहे.

शक्यता अज्ञात असल्यास निवड कशी करावी? रॉल्स येथे 'मॅक्सिमिन' हा नियम आणतात : प्रत्येक पर्यायाचा वाइटात वाईट परिणाम पाहावा आणि ज्याचा वाईट परिणाम इतरांच्या तुलनेने सर्वांत बरा असेल तो पर्याय निवडावा. हा नियम समजावण्यासाठी त्यांनी आपल्या ग्रंथाच्या २६व्या परिच्छेदात एक कोष्टक दिले आहे. त्यातील आकडे शेकडो डॉलरांत आहेत.

| निर्णय | स्थिती १ | स्थिती २ | स्थिती ३ |
|---|---|---|---|
| पहिला | −७ | ८ | १२ |
| दुसरा | −८ | ७ | १४ |
| तिसरा | ५ | ६ | ८ |

पहिल्या निर्णयात वाइटात वाईट म्हणजे ७०० डॉलरांचा तोटा, दुसऱ्यात ८०० डॉलरांचा, तर तिसऱ्यात निदान ५०० डॉलरांचा लाभ निश्चित. म्हणून नियमानुसार तिसरा निर्णय घ्यावा. येथवर ठीक आहे. परंतु हेच कोष्टक हर्सान्यी यांच्या पद्धतीने वाचून पाहावे. तिन्ही स्थितींची शक्यता समान धरली तर पहिल्या निर्णयाची बेरीज १३, दुसऱ्याचीही १३ आणि तिसऱ्याची १९ येते. सरासरी अनुक्रमे सुमारे ४३३, ४३३ व ६३३ डॉलर. म्हणजे सरासरी पाहणारा माणूसही तिसराच निर्णय घेईल! या कोष्टकाने नियमाची ओळख होते हे खरे. परंतु दोन पद्धतींपैकी कोणती ग्राह्य, या प्रश्नास ते स्पर्शही करीत नाही. ग्रंथ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र नियमाची सयुक्तिकता पटल्यासारखी वाटते, ती आकड्यांच्या या सोयीस्कर निवडीमुळे.

दोन पद्धतींची फारकत कोठे होते हे पाहण्यासाठी एकच आकडा बदलणे पुरेसे आहे. दुसऱ्या निर्णयातील १४ च्या जागी २० घातले की त्याचीही बेरीज १९ होते आणि सरासरी पाहणाऱ्यास दुसरा व तिसरा निर्णय सारखेच वाटू लागतात. २० च्या पुढे आकडा गेला की तो दुसऱ्याकडे वळतो. मॅक्सिमिन पाळणारा मात्र आकडा २१ असो वा २१ हजार, तिसऱ्यालाच चिकटून राहतो. येथेच नियमाचे खरे स्वरूप उघड होते : वरच्या लाभांना तो काहीच वजन देत नाही. रॉल्स यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याच परिच्छेदात त्यांनी हा आक्षेप स्वतःच नोंदविला आहे. एका पर्यायात शून्य किंवा 'न' इतका लाभ आणि दुसऱ्यात 'न'चा व्यस्तांक किंवा १, असे असल्यास 'न' पुरेसा मोठा झाल्यावर दुसऱ्या पर्यायाचा आग्रह धरणे विवेकशून्य ठरते, हे ते मान्य करतात.

नियमास लागणारे टेकू

म्हणूनच रॉल्स मॅक्सिमिन हा सर्वकाळ लागू होणारा नियम मानत नाहीत. तीन लक्षणे एकत्र आली तरच तो योग्य ठरतो, असे ते सांगतात. शक्यतांचा अंदाज बांधण्यास आधार नसावा. हमखास मिळणाऱ्या किमान लाभापलीकडे जे मिळेल त्याची निवड करणाऱ्यास फारशी मातब्बरी नसावी. आणि नाकारलेल्या पर्यायांत असह्य अशा परिणामांचा संभव असावा. हर्सान्यी यांनी १९७५ मध्ये या नियमावर जी प्रसिद्ध टीका केली, ती या मर्यादेकडे पुरेसे लक्ष देत नाही. न्यूयॉर्कमधील माणसाला तेथेच कंटाळवाणी, कमी पगाराची नोकरी आणि शिकागोत उत्तम नोकरी मिळत असेल, परंतु शिकागोला विमानाने जावे लागत असेल, तर अपघाताच्या भयाने त्याने घरीच बसावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न मार्मिक आहे. तथापि विमान-अपघाताची शक्यता अत्यल्प आहे हे आपणास माहीत असते, त्यामुळे पहिलेच लक्षण तेथे लागू होत नाही.

आता ही तीन लक्षणे प्रत्यक्ष निवडीस लावून पाहू. एका बाजूस रॉल्स यांची दोन तत्त्वे आणि दुसऱ्या बाजूस निव्वळ सरासरी उपयुक्ततावाद, अशी पहिली तुलना घ्यावी. सरासरी वाढत असेल तर काहींचे स्वातंत्र्य हिरावणेही निव्वळ उपयुक्ततावादास तत्त्वतः निषिद्ध नाही. ज्या समाजात जन्मानेच माणसाचे स्थान ठरते, अशा जातिबद्ध व्यवस्थेला रॉल्स स्पष्टपणे अन्याय्य म्हणतात. तेथे तळाशी जन्मलेल्याच्या वाट्यास येणारे जिणे असह्य असते, आणि ते एका व्यवहारापुरते नसून आयुष्यभराचे व मुलाबाळांचेही असते. असा करार आपण पुढे निष्ठेने पाळू शकू काय, हेही पडद्यामागच्या माणसास विचारात घ्यावे लागते. या तुलनेत तिसरे लक्षण पूर्ण लागू पडते, आणि रॉल्स यांचा युक्तिवाद येथे बलवान आहे.

दुसरी तुलना वेगळी आहे. समान स्वातंत्र्ये व समान संधी कायम ठेवावीत, प्रत्येकास एक निश्चित किमान उत्पन्न मिळेल अशी हमी द्यावी आणि त्यानंतर सरासरी वाढवावी, असा मिश्र पर्याय समोर असेल तर? असह्य परिणाम आता हमीनेच टळलेले असतात. म्हणजे तिसरे लक्षण उरत नाही. भेदतत्त्वाचा कैवार घेण्यास मॅक्सिमिन आता अपुरा पडतो. रॉल्स यांनी पुढे हे जवळजवळ मान्यच केले. १९९९च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी या दोन तुलना वेगळ्या करावयास हव्या होत्या असे म्हटले, आणि २००१ च्या 'जस्टिस अ‍ॅज फेअरनेस : अ रीस्टेटमेंट' या पुस्तकात दुसऱ्या तुलनेसाठी त्यांनी परस्परता, तत्त्वांची सार्वजनिकता आणि व्यवस्थेचे स्थैर्य या कारणांचा आधार घेतला. ही कारणे हलकी नाहीत. पण ती पडद्याने पुरविलेली नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे. परस्परतेचा अर्थ पडदा दूर करूनही सांगता येतो : अधिक मिळालेल्याने कमी मिळालेल्याच्या हानीवर आपला लाभ उभारू नये.

नॉर्मन फ्रोलिक व जो ओपनहायमर या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात केलेले प्रयोग येथे उद्बोधक ठरतात. पाच-पाच विद्यार्थ्यांच्या गटांना चार तत्त्वे समजावून देऊन एकमताने एक निवडण्यास सांगण्यात आले : तळाचे उत्पन्न अधिकतम करणे, सरासरी अधिकतम करणे, किमान हमीसह सरासरी वाढविणे आणि विषमतेला मर्यादा घालून सरासरी वाढविणे. आपल्याला कोणता उत्पन्नगट मिळेल हे त्यांना अगोदर माहीत नव्हते. बहुसंख्य गटांनी किमान हमीसह सरासरी वाढविण्याचे तत्त्व निवडले. भेदतत्त्वाशी जुळणाऱ्या पर्यायास जवळजवळ कोणीच पसंती दिली नाही. अर्थात यावरून रॉल्स खोटे ठरतात असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. या विद्यार्थ्यांना आपला स्वभाव, शिक्षण व देश ठाऊक होते आणि पणास लागली होती ती थोडी रक्कम, संपूर्ण आयुष्य नव्हे. त्यांचा पडदा रॉल्स यांच्या पडद्याहून फारच विरळ होता. तरीही मिश्र पर्याय हा केवळ पुस्तकी आक्षेप नव्हे, एवढे या प्रयोगांतून दिसते.

मिश्र पर्यायाविरुद्ध रॉल्स यांचा एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. ही किमान रक्कम नेमकी किती, हे कोणत्या तत्त्वाने ठरवावयाचे? अंतःप्रेरणेने ठरविली तर प्रत्येकाचा आकडा निराळा येईल. तळाच्या माणसाला आणखी वर नेणे शक्य आहे काय असे विचारीत ठरविली, तर आपण नकळत भेदतत्त्वच वापरीत असू. वरील प्रयोगांत हमीचे तत्त्व निवडणाऱ्या प्रत्येक गटाला तिचा आकडा डॉलरांत सांगावा लागत असे, आणि तो ठरत असे तो आपसांतील चर्चेने.