जी जी कोणासाठी?

बालाघाटात वैनगंगेच्या अलीकडे आमच्या मोहल्ल्यात घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारी पोवारी चालते. इथे पोवाडा म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, "पोवारांचा का?" तशी इथे शिवजयंतीला पोवाडा वाजतोच, पण स्पीकरवर. तीन-चार मिनिटांचं रेकॉर्डिंग, मागे सिंथेसायझर, लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. ते ऐकताना मला दर वेळी वाटतं, हा पोवाडा कुणी कुणाला सांगतच नाहीये.

तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा घ्या. सिंहगडाची लढाई 1670 सालची. सभासद बखरीत ती एका लहानशा परिच्छेदात आटोपते. पोवाड्यात मात्र आधी जिजाऊंचा आणि महाराजांचा फाशांचा डाव येतो, मग रायबाच्या लग्नाची गडबड, मग निरोप, मग घोरपड. तलवारी भिडेपर्यंत रात्र बरीच सरलेली असते. इतिहासकारांनी घोरपडीला केव्हाच बाद केलं, तेही रास्तच. पण तिचं काम वेगळं आहे. ती एकदा अर्ध्यातून मागे फिरते आणि चढाई लांबते. समोरच्या माणसांना घटकाभर टांगून ठेवायचं असेल तर शाहिराला असलंच काहीतरी लागतं.

पुस्तकात हाच पोवाडा लंगडा दिसतो. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये पोवाडे छापले, म्हणून ते उरले, हे उपकार आहेतच. पण छापील ओळी कुठे आखूड, कुठे हातभर लांब. वृत्त शोधायला बसलेला वाचक वैतागतो. मोजायला अक्षरं घेतली की असंच होणार. ओळ बसते ती डफावर.

समजा, ओळ आहे 'गडावर चढला मावळा'. आठ मात्रांच्या दोन आवर्तनांत ती आरामात बसते, शेवटचा 'ळा' लांबवून. आता शाहिराला याच जागी 'काळ्याकुट्ट अंधारात दोराला धरून गडावर चढला मावळा' म्हणायचंय. तो आवर्तन वाढवत नाही. 'काळ्याकुट्ट अंधारात दोराला धरून' हे तो बोलल्यासारखं भरभर टाकतो, तेवढा वेळ डफावर नुसती बोटं फिरत असतात, आणि 'गडावर'च्या 'ग'वर थाप पडते. कागदावर बेढब दिसणारी ओळ कानाला चाबकासारखी लागते. थाप चुकली तर ओळ तिथेच सांडते.

पुढचं काम झीलकऱ्यांचं. शेवटचा शब्द उचलून ते 'जी जी जी' ओढतात. त्या चार-सहा सेकंदांत शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो आणि समोर बघतो. लोक पुढे सरकलेत की मागे बिड्या पेटल्यात, हे त्याला तेव्हाच कळतं. त्यावर ठरतं की चौक वाढवायचा, लय चढवायची की गाणं थांबवून गद्यात सांगायला लागायचं. पोवाड्यातलं गद्य हे असं आलेलं आहे: गळ्याला विसावा हवा आणि गोष्ट कळली पाहिजे. शेवटी शाहीर स्वतःचं नाव गुंफतो, तेही बिदागी कोणाच्या हातात ठेवायची हे कळावं म्हणूनच, असं मला वाटतं.

हे मी इथेच पाहिलंय. काही वर्षांपूर्वी गोंदियाकडून एक वयस्क शाहीर आला होता, खडी गंमत करणारा. पहिल्या चौकाला बाया एकमेकींकडे बघत बसल्या. दुसऱ्या 'जी जी'नंतर त्याने गद्य सरळ हिंदीत सुरू केलं, मधेमधे पोवारी. पद्य मराठीच ठेवलं. गद्य दुप्पट झालं, पद्याचे दोन चौक गळाले. हवेत ओल होती, कातडं उतरलं, तेव्हा साथीदार डफ शेकोटीवर धरून बसला आणि तेवढा वेळ शाहिराने रायबाच्या लग्नाचा मांडव आणखी सजवला. लोक हसत होते. छापील संहितेत त्यातलं काही सापडणार नाही.

रेकॉर्डिंगमधल्या 'जी जी'त मात्र श्वासही नाही आणि नजरही नाही. ती मागाहून वेगळी गाऊन चिकटवलेली असते. स्पर्धांतही हल्ली घड्याळ लावून गातात, मग लग्न आणि निरोप कापून थेट कड्यावर. तानाजी ओरडत येतो, ओरडत पडतो. ज्याचं घर आपण पाहिलंच नाही, त्याच्या मरणाचं काय वाटणार? आवाज मोठे झाले आहेत, सांगणं खुंटलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

येत्या 19 फेब्रुवारीला मंडळांनी स्पीकरच्या भाड्यात एक डफ, एक तुणतुणं आणि दोन झीलकरी बोलवावेत. गोंदिया काही लांब नाही. आणि शाहिराला वेळ विचारू नये.