धूळ, टायर आणि मागे वळलेली मान

मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन २०२२ साली सर्वांच्या हाती आले आणि ट्रॅक्टरच्या जाहिरातीचे चित्र शब्दांतून काढून घेण्याची नवी कारागिरी सुरू झाली. ती अजून कच्ची आहे. अशा चित्राच्या प्रॉम्प्टमध्ये तीन मागण्या बहुधा असतात : शेतातली धूळ, टायरची ठसठशीत नक्षी आणि शेतकऱ्याची कामातली सहज बैठक. तिन्ही रास्त आहेत, पण त्या सुट्या मागितल्या जातात आणि चित्र तिथेच बिघडते. धूळ, टायर आणि बैठक ही एकाच कामातून निघणारी तीन लक्षणे आहेत. रान कोणते, ओल किती आणि मागे अवजार कोणते हे प्रॉम्प्टमध्ये नसेल, तर यंत्रणा ‘भव्य’, ‘सिनेमॅटिक’, ‘सोनेरी उजेड’ या विशेषणांवरून तिच्या साठ्यातली चित्रे जुळवते. मग ताशी चार-पाच किलोमीटरने नांगरणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांतून मोटारींच्या शर्यतीतल्यासारखे लोट उठतात.

उन्हाळ्यात काळ्या रानात पलटी नांगर चालला आहे, एवढे एकच काम घेऊन पाहावे. जमीन वाळलेली असल्याने तिची मोठी ढेकळे निघतात. धूळ उडते ती ढेकूळ उलटते तिथे, म्हणजे नांगरापाशी. ती बुटकी असते आणि वाऱ्याच्या एकाच बाजूला सरकते. रोटाव्हेटर लावला तर माती बारीक होते आणि धूळ कितीतरी वाढते. वाफशावर नांगरले तर ती जवळजवळ नसतेच, आणि भाताच्या चिखलणीत तर तिचा प्रश्नच येत नाही. म्हणून ‘पुष्कळ धूळ’ असे लिहिण्यापेक्षा ‘वाळलेले काळे रान, नांगराच्या फाळांमागे गुडघाभर उंचीची राखाडी धूळ, डावीकडे सरकणारी’ असे लिहिले की चित्राला कारण मिळते.

टायरचेही असेच आहे. मागच्या मोठ्या टायरवरचे तिरपे उंचवटे मध्यावर टोक करून भेटतात. ट्रॅक्टरमागे उभे राहून पाहिले तर ते टोक वर असते आणि मातीत उमटलेल्या ठशात ते आलेल्या वाटेकडे वळलेले असते. दोन चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर ही नक्षी नसतेच. तिथे सरळ गोल पट्ट्या असतात. तयार चित्रांत चारही टायरना एकच नक्षी सर्रास दिसते. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे, माती उजवीकडे पडत असताना उजवी चाके आधीच्या तासातून चालतात आणि त्यांचा ठसा मागून येणारा नांगर लगेच बुजवतो. ठसा उरतो तो डाव्या चाकाचा, न नांगरलेल्या कडक जमिनीवर, तोही पुसट. जाहिरातीत ट्रॅक्टरमागे दोन सारखे, खोल, स्वच्छ ठसे दिसले, तर त्या रानात नांगर चाललेलाच नाही.

याच तासामुळे बैठकही ठरते. ट्रॅक्टर उजवीकडे कललेला असतो, म्हणून चालक अंग डावीकडे तोलून बसतो. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा हायड्रॉलिकच्या लिव्हरपाशी आणि मान उजव्या खांद्यावरून मागे, फाळाकडे. कॅमेऱ्याकडे पाहून हसणारा, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेला माणूस शोरूमच्या आवारात शोभतो.

जाहिरात म्हणजे माहितीपट नव्हे, तिने स्वप्न दाखवावे, असा आक्षेप येईल. तो मान्य आहे. पण हे स्वप्न ज्याला दाखवायचे, तो गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टायर आणि तास पाहत आला आहे. चुकलेले चाक दिसले की यंत्राविषयीचा दावाही त्याला पोकळ वाटू लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : यंत्रणेला मातीचे शास्त्र कळत नाही, मग एवढे सांगून उपयोग काय? मातीचा रंग, ढेकळांचा आकार, धुळीची जागा शब्दांनी बरीचशी जुळते. टायरच्या टोकाची दिशा मात्र शब्दांनी क्वचितच जमते, कारण ज्या चित्रांवर यंत्रणा शिकली त्यांच्या ओळींत ‘शेतात ट्रॅक्टर’ यापलीकडे फारसे काही नव्हते. प्रॉम्प्ट लांबवणे हाही उपाय नाही. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या साधारण पंच्याहत्तर शब्दखंडांपुढचे एका दमात वाचतच नसत. ‘धूर नको’ असे मुख्य वर्णनात लिहिले तर पुष्कळदा धूरच येतो. नकोशा गोष्टींसाठी जिथे वेगळा रकाना आहे, तिथेच त्या लिहाव्यात.

म्हणून शब्दांवर सारा भार टाकू नये. विकायचा ट्रॅक्टर, त्याचे टायर आणि बॉनेटवरची अक्षरे खऱ्या फोटोतून घ्यावीत. बैठकीसाठी नांगरणाऱ्या चालकाच्या फोटोतला हाडांचा सांगाडा कंट्रोलनेटला द्यावा आणि प्रॉम्प्टकडे रान, ओल, धूळ, वारा एवढेच ठेवावे. मांडणीच्या सोयीसाठी चित्र आडवे उलटवण्याचा मोह टाळावा. आरशात टायरची नक्षी बिनचूक राहते, पण हायड्रॉलिकचा लिव्हर चालकाच्या डाव्या हाताला जातो.